रेषा शून्यातून जात नाही

१०० सेंटिमीटर लांबीचा साधा लंबक वीस आंदोलनांना ४०.१४ सेकंद घेतो. हा आकडा मोजून मिळत नाही, तो सूत्रातून निघतो. गुरुत्वत्वरण, म्हणजे प्रॅक्टिकलच्या भाषेत ‘जी’, ९.८ धरायचं, g = 4π²L/T² हे सूत्र उलटं फिरवायचं, आवर्तनकाल २.००७ सेकंद येतो, आणि त्याला विसाने गुणलं की ४०.१४. पुण्याजवळच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला फिजिक्सचं प्रॅक्टिकल शिकवणाऱ्या मॅडमना हा आकडा रात्री उशिरा, जर्नलं तपासताना दिसला आणि त्यांचा हात थांबला. त्यांच्या प्रयोगशाळेतली स्टॉपवॉच काट्याची आहेत. त्यांचा लीस्ट काउंट ०.१ सेकंद. त्या घड्याळावर ४०.१ वाचता येतं, ४०.२ वाचता येतं. ४०.१४ वाचता येत नाही.

समोर चाळीस जर्नलं होती. दुसऱ्या दिवशी ती सही करून परत द्यायची होती, कारण सर्टिफाय झालेल्या जर्नलशिवाय प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसू देत नाहीत. अशा रात्री तपासणारा माणूस सहसा आकृती पाहतो, तक्ता पाहतो, शेवटचं उत्तर पाहतो आणि पान उलटतो. मॅडमही तेच करत होत्या. ४०.१४ दिसल्यावर मात्र त्यांनी आधी तपासलेली जर्नलं पुन्हा उघडली आणि या वेळी उत्तराऐवजी रीडिंग वाचायला घेतली.

त्यांतली उत्तरं सगळी ९.७९ ते ९.८१ या पट्ट्यात बसत होती. वरवर पाहता ही उत्तम बॅच. पण हाताने सुरू आणि बंद केलेल्या स्टॉपवॉचमध्ये माणसाची ०.१ ते ०.२ सेकंदाची चूक राहतेच. वीस आंदोलनांचे चाळीस सेकंद धरले तर ही चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत जाते. सूत्रात आवर्तनकालाचा वर्ग असल्यामुळे जीच्या किमतीत ती दुप्पट होते. म्हणजे चाळीस जणांनी खरोखर मोजलं असतं तर कुणाचं ९.७२ आलं असतं, कुणाचं ९.८७, आणि मधे सगळीकडे विखुरलेली उत्तरं दिसली असती. चाळीस माणसांचे हात इतके एकसारखे चालत नाहीत. उत्तरं एकमेकांच्या इतकी जवळ होती, हीच ती मोजलेली नसल्याची खूण होती.

एकदा नजर बसली की बाकीच्या खुणाही दिसू लागतात. एकाच लांबीसाठी वेळ तीनदा मोजायची असते; कित्येकांच्या तक्त्यात ती तीनही रीडिंग तंतोतंत सारखी होती. काहींनी तीन वेगवेगळे आकडे लिहिले होते, पण त्यांची सरासरी पुन्हा नेमकी सूत्रातल्या आकड्यावर येत होती. आलेखावर चारही बिंदू पट्टी ठेवून मांडल्यासारखे एका रेषेत, आणि रेषा थेट शून्यातून. कुठे खाडाखोड नाही, मोजणी चुकल्याची नोंद नाही. वीसपर्यंत मोजताना मधेच शेजारच्याने हाक मारली, असं तोवर तपासलेल्यांपैकी एकाच्याही बाबतीत घडलं नव्हतं.

हे कसं होतं ते प्रत्येक सायन्स कॉलेजात सगळ्यांना ठाऊक असतं. प्रॅक्टिकलच्या दिवशी दोन तासांत उपकरण जुळवायचं, लांबी बदलायची, मोजायचं आणि रफ वहीत रीडिंग उतरवून घ्यायची. फेअर जर्नल नंतर लिहायचं. त्या नंतरच्या वेळात सीनियरचं जर्नल हाताशी येतं, मॅन्युअलमध्ये ‘प्रमाण किंमत ९.८’ छापलेलीच असते आणि तक्त्याच्या खाली ‘टक्केवारीत चूक’ असा रकाना असतो. चूक कमी तर गुण जास्त, हे मुलं पहिल्या महिन्यातच ओळखतात. मग रीडिंग ‘बसवली’ जातात. त्या मुलांना लबाड म्हणणं अन्यायाचं होईल. ज्या गोष्टीला गुण मिळतात तीच ती देतात. मॅडमच्या कॉलेजात दहापैकी दोन गुण निव्वळ उत्तराला होते, आणि बाकीच्या आठांतही उत्तर पाहूनच हात सैल सुटायचा किंवा आखडायचा.

गठ्ठा अर्ध्याहून खाली आला तेव्हा एक जर्नल निघालं, ज्यात उत्तर होतं ९.४९.

मॅडमनी आधी आकडेमोड तपासली. ती बरोबर होती. मग त्या तक्त्याकडे वळल्या. लांबी ४० सेंटिमीटर, वीस आंदोलनांना २६.० सेकंद. ६० सेंटिमीटरला ३१.७. ८० ला ३६.३. १०० ला ४०.६. दशांश चिन्हानंतर प्रत्येक ठिकाणी एकच अंक, घड्याळ दाखवतं तेवढाच. ८० सेंटिमीटरच्या ओळीत ३८.१ असा आकडा एका रेघेने खोडलेला होता, पण वाचता येईल असा, आणि बाजूला लिहिलं होतं: ‘मोजणी चुकली, बहुतेक २१ झाले.’ मॅडमनी ३८.१ ला २१ ने भागलं. १.८१४ आलं. खालच्या चांगल्या रीडिंगवरून आवर्तनकाल १.८१५ येत होता. मुलाचा अंदाज बरोबर होता.

जर्नल इंग्रजीत होतं, सगळ्यांची असतात तसं. निष्कर्षाच्या जागी मात्र मराठीत एक परिच्छेद होता. मुलाला जे सांगायचं होतं ते त्याला इंग्रजीत जमलं नसावं. त्याने लिहिलं होतं की माझं उत्तर पुस्तकापेक्षा कमी आलं आहे. लांबी कमी असताना उत्तर जास्त चुकतं आणि लांबी वाढवली की ते वाढत जातं, असं का ते मला कळलं नाही. आलेखाची रेषा शून्यातून जायला हवी असं मॅन्युअलमध्ये आहे, पण बिंदूंमधून काढलेली रेषा शून्यातून जात नाही, म्हणून मी ती तशीच ठेवली आहे. लांबी बुचापासून हुकाला दोरा बांधला आहे त्या गाठीपर्यंत मोजली. आंदोलन लहान ठेवलं होतं. परत मोजायला वेळ मिळाला नाही.

झोप उडवणारा मजकूर होता हा. मुलाला कारण सापडलं नव्हतं, पण कारण शोधायला लागणारी प्रत्येक गोष्ट त्याने नोंदवून ठेवली होती.

मॅडमनी शक्यता एकेक करून पाहिल्या. पहिली शंका मोजणीची. लंबक मधल्या खुणेवरून जाताना घड्याळ सुरू करायचं आणि त्या क्षणी ‘शून्य’ म्हणायचं असतं. मधल्या खुणेवरून अशासाठी, की तिथे बॉबचा वेग सगळ्यांत जास्त असतो आणि तो नेमका कधी गेला ते डोळ्याला स्पष्ट कळतं. टोकाला तो रेंगाळतो. काही मुलं सुरुवातीलाच ‘एक’ म्हणतात. मग ज्याला ती वीस म्हणतात ती खरं तर एकोणीसच आंदोलनं असतात आणि उत्तर १०.८ च्या आसपास जातं. इथे उत्तर कमी आलं होतं, जास्त नव्हे. एक आंदोलन जास्त मोजलं गेलं असतं तर उत्तर याहूनही बरंच खाली, नऊच्याही खाली गेलं असतं. म्हणजे मोजणी नाही.

दुसरी शंका मोठ्या आंदोलनाची. बॉब फार बाजूला ओढून सोडला की लंबक थोडा सावकाश झुलतो आणि जी कमी येतं. पण ९.४९ इतकं खाली यायला बॉब जवळपास २८ अंश ओढावा लागतो. इतकं मोठं आंदोलन मुलाने ‘लहान’ म्हटलं नसतं. शिवाय या दोन्ही चुकांचा एक गुण सारखा आहे. त्या प्रत्येक लांबीला साधारण त्याच प्रमाणात लागू होतात, त्यामुळे आलेखाची रेषा जास्त किंवा कमी तिरपी होते, पण शून्यातूनच जाते. इथे वेगवेगळ्या लांबींना जीची किंमत अशी येत होती: ९.३४, ९.४३, ९.५९, ९.५८. चूक सगळीकडे सारखी नव्हती. लहान लांबीला ती मोठी होती, मोठ्या लांबीला लहान. असं एकाच प्रकारच्या चुकीने होतं: प्रत्येक लांबीतून ठरावीक तुकडा वगळला गेला असेल तर. दोन सेंटिमीटर ४० मधून गेले तर ते पाच टक्के असतात, १०० मधून गेले तर दोनच टक्के.

आलेखाने तेच सांगितलं. मुलाने आडव्या अक्षावर लांबी आणि उभ्या अक्षावर आवर्तनकालाचा वर्ग घेतला होता. त्याची रेषा उभ्या अक्षाला शून्याच्या चार मिलिमीटर वर छेदत होती. मॅडमनी पेन्सिलने ती मागे वाढवली. आडव्या अक्षाला ती शून्याच्या डावीकडे मिळाली, जेमतेम दोन मिलिमीटरवर. आलेखाच्या मापाने तो बिंदू उणे दोन सेंटिमीटरला जरा कमी होता. कॅल्क्युलेटरवर चार बिंदूंची सर्वांत जुळणारी रेषा काढली तेव्हा आकडा आला उणे १.९ सेंटिमीटर. आणि याच रेषेच्या तिरपेपणावरून जी काढलं तर उत्तर आलं ९.७८.

मॅडमनी गणित पुन्हा केलं. पुन्हा ९.७८.

लांबीतला ठरावीक तुकडा सुटला तर रेषा सरकते, पण तिचा तिरपेपणा बदलत नाही. म्हणूनच प्रत्येक लांबीचं वेगळं उत्तर काढून सरासरी घेण्यापेक्षा आलेखावरून जी काढणं चांगलं. हे त्या दरवर्षी फळ्यावर लिहायच्या आणि मुलं दरवर्षी वहीत उतरवून घ्यायची. पण ते खरोखर घडलेलं त्या जर्नलमध्ये पहिल्यांदा दिसत होतं, आणि दिसत होतं ते एका मुलाने रेषा शून्यातून ओढायचं नाकारलं म्हणून. पट्टी चार मिलिमीटर खाली सरकवली असती तर बॉबकडे नेणारी ती खूण पुसली गेली असती.

सुटलेला तुकडा कुठला ते आता उघड होतं. साध्या लंबकाची लांबी बुचाच्या खालच्या कडेपासून बॉबच्या मध्यापर्यंत धरतात. मुलाने ती हुकाच्या गाठीपर्यंतच मोजली होती. व्हर्निअरने घेतलेला बॉबचा व्यास त्याने पहिल्याच पानावर लिहून ठेवला होता, २.४६ सेंटिमीटर, आणि पुढे तो कुठेच वापरला नव्हता. त्रिज्या १.२३. उरलेलं हुकात असणार.

ही गोष्ट एका कॉलेजच्या एका प्रॅक्टिकलपुरती मर्यादित वाटेल, पण लंबकाच्या इतिहासात असं जर्नल लिहिणारा एक नामांकित माणूस आहे. फ्रेंच विज्ञान अकादमीने १६७१ साली झाँ रिशे याला दक्षिण अमेरिकेतल्या विषुववृत्ताजवळच्या कायेन या ठिकाणी निरीक्षणांसाठी पाठवलं. पॅरिसमध्ये बरोबर सेकंदाला ठोका देणारा लंबक कायेनमध्ये मागे पडू लागला. घड्याळ दिवसाला सुमारे अडीच मिनिटं गमावत होतं. सेकंद बरोबर यावा म्हणून लंबक सव्वा ‘लीन’ने, म्हणजे आजच्या मापाने २.८ मिलिमीटरने, आखूड करावा लागला. तेव्हा युरोपात सेकंदाच्या लंबकाची लांबी हेच जगभरचं माप ठरवावं अशी कल्पना मांडली जात होती. त्यासाठी ही लांबी सगळीकडे एकच असायला हवी होती. रिशेचा आकडा त्या कल्पनेच्या आड येणारा होता, आणि तो निरीक्षणातल्या चुकीचा असेल अशी शंका पॅरिसमध्ये घेतली गेली.

रिशेने आकडा बदलला नाही. दहा महिने, दर आठवड्याला अनेकदा मोजून त्याने तो पुन्हा पुन्हा पडताळला आणि अहवालात जसा आला तसा दिला. कारण त्याच्याकडे नव्हतं. ते न्यूटनने दिलं, १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त: पृथ्वी फिरते, विषुववृत्तापाशी फुगलेली आहे, म्हणून तिथे गुरुत्व कमी भरतं. ते २.८ मिलिमीटर म्हणजे लंबकाच्या लांबीच्या पाव टक्क्याहून थोडं अधिक. रिशेने ते निष्काळजीपणाच्या खात्यात टाकले असते तर पृथ्वीच्या आकाराचा एक महत्त्वाचा पुरावा न्यूटनच्या हाती आला नसता.

याचा पुण्याशी थेट संबंध आहे. पॅरिसमध्ये जी ९.८१ आहे. कायेनला ९.७८. पुणे साडेअठरा अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे आणि इथेही जी ९.७८ च्या आसपास भरतं. मॅन्युअलमध्ये छापलेली ‘प्रमाण किंमत’ इथली नव्हेच. काट्याच्या स्टॉपवॉचने हा फरक पकडता येत नाही, हे खरं. एका मुलाच्या मापातली चूकच त्याच्यापेक्षा मोठी असते. त्या मुलाच्या आलेखातून नेमकं ९.७८ यावं यात थोडा योगायोगही आहे, आणि मॅडमना ते ठाऊक होतं. पण चाळीस जणांनी प्रामाणिकपणे मोजलं आणि त्या सगळ्यांची सरासरी घेतली, तर चुका बऱ्याच प्रमाणात एकमेकींना खोडतात आणि हा फरक हाताशी येऊ शकतो. प्रत्येकाने ९.८ ला ‘बसवलेल्या’ चाळीस जर्नलांची सरासरी ९.८ च येणार. त्या वर्गाने पुण्याचं गुरुत्व मोजायची संधी पॅरिसजवळचं उत्तर लिहून घालवली होती.

सकाळी मॅडमनी त्या मुलाला प्रयोगशाळेत बोलावलं. तो आला तोच चेहरा पाडून.

“मॅडम, जर्नल परत लिहू का?”

“नको. तो बॉब घे आणि हूक मोज.”

त्याने खणातून तोच पितळी बॉब काढला, व्हर्निअर लावलं. हूक सात मिलिमीटर. मॅडम काहीच बोलल्या नाहीत. मुलगा थोडा वेळ पहिलं पान पाहत राहिला, मग व्यासाच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाला, “अर्धा हा आणि वर हूक. हे धरलंच नाही मी.” १.२३ आणि ०.७ मिळून १.९३. आलेखाने रात्री १.९ सांगितलं होतं. बॉब हातात न घेता, चार बिंदूंच्या रेषेने त्याचं आणि हुकाचं माप दिलं होतं, हे मॅडमनी त्याला पेन्सिलची रेघ दाखवून समजावलं. प्रत्येक लांबीत १.९३ मिळवून त्याने तिथेच उभ्याने पुन्हा उत्तरं काढली: ९.७९, ९.७३, ९.८२, ९.७६. खरोखर मोजणाऱ्या माणसाची उत्तरं इतपत विखुरतातच.

त्या जर्नलला दहापैकी नऊ मिळाले. एक गुण लांबी चुकीच्या ठिकाणापर्यंत मोजल्याचा कापला. मॅडमनी दहा दिले नाहीत हे योग्यच केलं. प्रामाणिक नोंदीमुळे चूक शोधता आली. पण त्या नोंदीने चूक बरोबर ठरत नाही.

बाकीच्यांना त्या रागावल्या नाहीत. ज्यांच्या तक्त्यात ४०.१४ किंवा तसे दोन दशांशांचे आकडे होते त्यांची जर्नलं सही न करता परत दिली, आणि कुठलीही एक लांबी समोर मोजून दाखवा म्हणाल्या. मुलांनी मोजलं. उत्तरं ९.६ पासून ९.९ च्या वरपर्यंत आली. मुलं घाबरली, मॅडमनी मात्र सह्या केल्या.

त्यानंतर त्यांनी तीन गोष्टी बदलल्या. मॅन्युअलमधली प्रमाण किंमत खोडली. रीडिंग पेनाने, खोडलेलं वाचता येईल अशी लिहायची आणि प्रयोगशाळा सोडण्यापूर्वी त्या पानावर सही घ्यायची असं ठरवलं. आणि सगळ्या बॅचची उत्तरं फळ्यावर एका आलेखात मांडायला सुरुवात केली, म्हणजे आपलं उत्तर इतरांपेक्षा वेगळं का याचा विचार मुलांना करावा लागतो. पहिल्या दोन गोष्टींना पैसा लागत नाही, तिसरीला खडू लागतो.

चौथी गोष्ट एकट्या मॅडमच्या हातात नव्हती. उत्तराचे ते दोन गुण काढून ते चुकीच्या विश्लेषणाला द्यावेत असं त्यांनी विभागाच्या बैठकीत मांडलं, त्यावर अजून निर्णय झालेला नाही. प्रॅक्टिकल घेणाऱ्या शिक्षकांनी आपापल्या कॉलेजात हीच मागणी करावी. उत्तराला गुण आहेत तोपर्यंत त्या घड्याळावर ४०.१४ सेकंद येतच राहणार.